व्हिस्कोमीटरचा टॉर्क जास्त येतोय: तेल ६८ चं, उत्तर १२९

प्राची_ऐरोली

नमस्कार मंडळी, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज ऐरोलीला. मिनी प्रोजेक्टला आम्ही चौघांनी फिरत्या सिलिंडरचा व्हिस्कोमीटर बनवलाय. आत नायलॉनचा भरीव सिलिंडर, व्यास १०० मिमी. बाहेर अ‍ॅक्रिलिकचा कप, आतून १०२ मिमी, म्हणजे दोघांमध्ये चारी बाजूंनी १ मिमीची फट. त्यात तेल, १०० मिमी उंचीपर्यंत. आतला सिलिंडर वरून गिअर मोटार फिरवते, १२० आरपीएम. कप खाली बॉल बेअरिंगवर मोकळा ठेवलाय आणि त्याला १०० मिमीचा आर्म आहे, तो एक किलोच्या लोड सेलला टेकतो. तेल कपाला ओढतं, कप आर्मला ढकलतो, लोड सेल ग्रॅम दाखवतो. इथपर्यंत सगळं मस्त चालतं.

रीडिंग आलं १३० ग्रॅम. म्हणजे टॉर्क ०.१२७५ न्यूटन मीटर. पुस्तकातलं सूत्र हे:

```
T = 2πμωR³L / h
```

R ५० मिमी, L १०० मिमी, h १ मिमी, ω १२.५७ टाकलं की μ येतो ०.१२९ पास्कल सेकंद, म्हणजे १२९ सेंटिपॉइज. आणि तेल आहे हायड्रॉलिक, डब्यावर चक्क ६८ लिहिलंय! तेलाचं तापमान ३० डिग्री. जवळजवळ दुप्पट उत्तर. सर म्हणाले "फ्रिक्शन असेल, रिपोर्टमध्ये लिहून टाका आणि पुढे चला". पण ९० टक्के फ्रिक्शन लिहायला हात धजत नाही हो. कुठे गडबड आहे?

---

उगाच_एक

सरांचं ऐक. मार्क त्यांच्याच हातात आहेत.

---

तेलतूप

प्राची, तुर्भ्याला ल्युब्रिकंट विकण्यात आयुष्य चाललंय, त्यामुळे हे मी झोपेतही सांगेन. डब्यावरचं ६८ हे ४० डिग्रीचं असतं. तू ३० ला मोजतेयस. तेल थंड झालं की घट्ट होतं, आणि थोडंथोडकं नाही. साध्या मिनरल ६८ चं ३० डिग्रीला ११५ च्या आसपास होतं, ११६ धर. तुझं १२९ आलं, फरक ११ टक्के. घरी बनवलेल्या उपकरणाला एवढं चालायचंच. विषय संपला, पार्टी दे.

---

गाडीवान

तेलाचा धागा निघालाच आहे तर विचारतो, माझ्या बाईकला कंपनी २०डब्ल्यू-४० सांगते आणि मेकॅनिक म्हणतो १०डब्ल्यू-३० टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल. रोज घोडबंदर रोडचं ट्रॅफिक. काय टाकू?

---

अण्णा_ठाणे

तेलतूप, तुमचं अर्धं बरोबर आहे. ३० डिग्रीला ११६ हे ठीक, पण ते सेंटिस्टोक. डब्यावरचा आकडाही सेंटिस्टोकच. प्राची टॉर्कवरून काढतेय ते सेंटिपॉइज. मध्ये घनतेने गुणावं लागतं आणि हायड्रॉलिक तेलाची घनता ०.८७ च्या आसपास. ११६ गुणिले ०.८७ म्हणजे १०१. तेव्हा तुलना १२९ आणि १०१ ची आहे, २८ टक्के जास्त. ११ टक्क्यांत मिटत नाही आणि पार्टीही लांबली.

आता सरांचं फ्रिक्शन. पोरी, तुमच्या रचनेत टॉर्क कपावर मोजता हे फार चांगलं केलंत. मोटारीचं, तिच्या गिअरचं, वरच्या बेअरिंगचं घर्षण मोटार सोसते, ते कपापर्यंत पोचायला वाटच नाही. कपाला स्पर्श करतं ते फक्त तेल. राहिलं कपाखालचं बेअरिंग. ते अडकत असेल तर तेलाच्या ओढीतला थोडा भाग स्वतःच धरून ठेवेल आणि लोड सेलला *कमी* दाखवेल. तुम्हाला जास्त दिसतंय. म्हणजे फ्रिक्शन हे कारण उलट्या दिशेचं आहे.

मला एकच सांग, सिलिंडरच्या तळाखाली किती जागा सोडली आहे?

---

प्राची_ऐरोली

काका, तळाखाली अर्धा मिमी. फीलर गेज घालून लावलंय, ०.५ ची पट्टी जाते, ०.५५ अडते. तेल वाया जाऊ नये म्हणून मुद्दाम कमी ठेवलं.

@तेलतूप दादा, ४० डिग्रीचं माहीत झालं ते बरं झालं, निम्मं कोडं तिथेच सुटलं. पार्टी वडापावची आहे, कबूल.

---

अण्णा_ठाणे

सापडलं मग. तुझं सूत्र फक्त बाजूच्या भिंतीचं आहे. पण तेल तळाखालीही आहे आणि तिथेही सिलिंडरचा सपाट तळ कपाच्या तळावर फिरतोय. तेल घातलेलं जातंच ते. आणि फट तर बाजूपेक्षा निम्मी.

तळाचा टॉर्क काढायला मधोमध वेग शून्य, काठाला पूर्ण, त्यामुळे वर्तुळावर बेरीज करावी लागते. ती केली की हे मिळतं, c म्हणजे तळाची फट:

```
T_bottom = πμωR⁴ / (2c)
```

याला बाजूच्या टॉर्कने भागलं की μ आणि ω दोन्ही उडतात, उरतं Rh/(4Lc). तुझे आकडे टाक: ५० गुणिले १, भागिले ४ गुणिले १०० गुणिले ०.५. बरोबर पाव. म्हणजे बाजूला जेवढा टॉर्क लागतो त्याच्या २५ टक्के तळाला लागतोय आणि तू तो सगळा बाजूच्या नावावर लिहितेयस.

पुस्तकातल्या गणितात "तळाचा परिणाम दुर्लक्षित करा" असं एक वाक्य असतं, ते मुलं वाचून सोडून देतात. लांब आणि बारीक सिलिंडरला ते खरं. तुझा सिलिंडर जेवढा उंच तेवढाच रुंद आहे, त्याला नाही.

---

रबाळे_लेथ

अण्णांना +१. आमच्याकडे टर्निंगला असे जॉब येतात, कॉलेजची पोरं ड्रॉइंग आणतात त्यात बाजूची फट लाल पेनाने लिहिलेली असते आणि तळाची कुठेच नसते. मग आम्हीच विचारायचं, खाली किती सोडू.

एक अजून बघ ताई. नायलॉन लेथवर फिनिश कट मारताना गरम होतं, थंड झालं की जरा लहान होतं, आणि ओलावा पिऊन परत वाढतं. १०० चा व्यास बनवल्या दिवशी १०० असेल, आज किती आहे ते मोज. आणि शाफ्ट बसवल्यावर डायल गेज लावून रनआउट पाहिलास का? एक मिमीच्या फटीत सिलिंडर मध्यापासून दोन दशांश सरकून फिरत असेल तर एका बाजूला ०.८ आणि दुसरीकडे १.२ होते.

---

मीनल_प

पेंट कंपनीत क्यूसीला आहे. एवढा खटाटोप कशाला? बी-४ कप घ्यायचा, भरायचा, खालचं बोट काढायचं, स्टॉपवॉच. सेकंद लिहायचे. आमचा अख्खा प्लांट त्यावर चालतो.

---

अण्णा_ठाणे

मीनलताई, कप रोजच्या बॅच तपासायला उत्तमच. पण त्यात तेल स्वतःच्या वजनाने वाहतं, तेव्हा घनता आत मिसळलेली असते, आणि कोणत्या वेगाने तेल कातरलं जातंय ते तुमच्या हातात नसतं. इथे ते हातात आहे. सिलिंडरचा काठ सेकंदाला ०.६३ मीटर जातो, फट १ मिमी, म्हणजे शिअर रेट ६२८ प्रति सेकंद, आणि फट अरुंद असल्याने सगळ्या तेलाला जवळपास तोच. तुमच्या पेंटला हे जास्त उपयोगाचं, कारण ढवळलं की पातळ होणाऱ्या मालाला "व्हिस्कॉसिटी किती" या प्रश्नाला "कोणत्या शिअर रेटला" हे जोडल्याशिवाय अर्थच नाही.

---

मीनल_प

हे मान्य. आमच्याकडे स्पिंडलवाला पण आहे, त्यात आरपीएम बदलला की उत्तर बदलतं आणि मग क्यूसी आणि प्रॉडक्शनची भांडणं. आता भांडताना शिअर रेट म्हणेन.

---

नियम_तोडे

एक शंका. ०.१२९ ला १.२५ ने भागलं तर १०३ येतं, १०१ नाही. दोन टक्के कुठे गेले? आणि दुसरं, सूत्रातला R आतला का घ्यायचा? बाहेरचा ५१ घेतला तर R³ मुळे सहा टक्के फरक पडतो. अरुंद फटीत काहीही घ्या चालतं म्हणतात, पण सहा टक्के म्हणजे काहीही नव्हे.

---

अण्णा_ठाणे

तुमच्या दोन्ही शंकांचं उत्तर एकच आहे. अरुंद फटीचं सूत्र म्हणजे सिलिंडर उलगडून सपाट पाटी केल्यासारखं. पूर्ण सूत्रात दोन्ही त्रिज्या येतात:

```
T = 4πμωL · R1²R2² / (R2² − R1²)
```

५० आणि ५१ घालून काढा, आतला R घेतलेल्या साध्या सूत्रापेक्षा टॉर्क ३ टक्के जास्त येतो. बाहेरचा घेतला तर साधं सूत्र ३ टक्के पुढे जातं. मधला ५०.५ घ्या, खऱ्या उत्तराशी इतका जुळतो की फरक तुमच्या लोड सेलला दिसणारही नाही. तेव्हा साधं सूत्र वापरायचं तर R मधला घ्यायचा, एवढंच.

म्हणजे बाजूचे १.०३ आणि तळाचे ०.२५ मिळून १.२८. १२९ भागिले १.२८, आलं १०१.

पण यावर फार खूश होऊ नका. ६८ ग्रेडच्या तेलाला ४० डिग्रीला ६१.२ ते ७४.८ पर्यंत काहीही असायची मुभा आहे, वर-खाली १० टक्के. त्यात ३० डिग्रीच्या जवळपास एक डिग्री चुकली की ६ टक्के इकडेतिकडे. कॉलेजचा थर्मामीटर एक डिग्री चुकणं रोजचंच. १०१ ला १०१ जुळणं हा बराचसा योगायोग आहे.

---

उगाच_एक

म्हणजे उत्तर बरोबर आलं आणि तरी आनंद करायचा नाही. ठाण्याची माणसं!

---

प्राची_ऐरोली

काका पण मग खात्री कशी करू? तळाचे २५ टक्के पण आपण गणितानेच काढले ना. सर विचारतील, प्रयोगात कुठे दिसतं ते दाखव.

आणि अजून एक सांगायचं राहिलं. मोटार चालू ठेवली की १३० हळूहळू उतरतं. पंधरा-वीस मिनिटांत ११८ पर्यंत येतं. मी सुरुवातीचंच धरलंय.

---

तेलतूप

उतरणारच. तेल घासून गरम होतंय. मी हिशोब करून दाखवतो, बारावीचं फिजिक्स अजून शिल्लक आहे. टॉर्क गुणिले ω म्हणजे ०.१२७५ गुणिले १२.५७, १.६ वॉट. एवढी उष्णता तेलात जाते. तेल सगळं मिळून ३६ मिली, म्हणजे ३१ ग्रॅम. ग्रॅमला २ जूल धरा, एक डिग्रीला ६२ जूल. १.६ भागिले ६२, मिनिटाला दीड डिग्री! पाच मिनिटांत साडेसात डिग्री. म्हणून सुरुवातीचंच रीडिंग घ्यायचं, तेही पटकन.

---

रबाळे_लेथ

तेलतूप भाऊ, साडेसात डिग्री चढली असती तर अण्णांच्या हिशोबाने १३० चं ८०-८५ व्हायला पाहिजे, तेही पाच मिनिटांत. ताईचं वीस मिनिटांत ११८ आहे.

---

अण्णा_ठाणे

रबाळेकरांनी नेमकं पकडलं. तेलतूप, तुमचा १.६ वॉट अगदी बरोबर, पण उष्णता तेलातच कोंडून राहते हे धरलंत तिथे हिशोब फुगला. एक मिमीच्या थरातून उष्णता काही सेकंदांत भिंतीला पोचते. पातळ थराचा हा फायदा आहे, मधलं तेल भिंतीपेक्षा डिग्रीच्या शंभराव्या भागांएवढंच जास्त गरम असतं. मग खरा प्रश्न भिंत किती उष्णता पिते हा. नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिक उष्णता आत न्यायला मंद आहेत पण अगदीच दार लावून बसलेले नाहीत. मी कागदावर ढोबळ काढलं तर पंधरा मिनिटांत पृष्ठभाग साधारण एक डिग्री, थोडी जास्त चढेल. म्हणजे टॉर्क ६-७ टक्के उतरेल. तुझा ९ टक्के उतरलाय. उरलेलं खोलीचं असू शकतं. प्रॅक्टिकल चालू असताना एसी बंद करता का?

हाच सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा असता तर दोन किलोचा ठोकळा झाला असता, त्याला १.६ वॉटने मिनिटाला एक विसांश डिग्रीसुद्धा धड चढली नसती. कमर्शियल उपकरणात कप धातूचा आणि बाहेरून पाण्याचं जॅकेट, ते उगाच नसतं.

आता खात्रीचं. तेलाची पातळी बदल. १०० मिमीला मोज, ७५ ला मोज, ५० ला मोज. तापमान तेच पाहिजे, प्रत्येक वेळी तेल आणि सिलिंडर थंड होऊ दे आणि मोटार सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटाचं रीडिंग घे. बाजूचा टॉर्क उंचीच्या प्रमाणात घटतो, तळाचा जागचा हलत नाही. ग्राफ काढ, आडवी तेलाची उंची, उभे ग्रॅम. सरळ रेषा येईल आणि ती शून्यातून जाणार नाही. उंची शून्याला रेषा जिथे उभ्या अक्षाला कापते तेवढा तळाचा टॉर्क. आणि रेषेच्या चढावरून μ काढ, त्यात तळ येतच नाही, तळाची फट माहीत नसली तरी चालतं.

---

नियम_तोडे

हे भारी आहे. दोन रीडिंगची वजाबाकी आणि तळ गायब.

त्यापेक्षा सोपं, आधी पाणी घालून कॅलिब्रेट का नाही करत? पाण्याची व्हिस्कॉसिटी सगळ्या जगाला पाठ आहे.

---

अण्णा_ठाणे

दोन अडचणी. पाणी या तेलाच्या शंभरावा हिस्सा घट्ट आहे, रीडिंग सव्वा ग्रॅम येईल, बेअरिंगच तेवढं गिळून बसेल.

दुसरी अडचण जास्त मजेची. आतला सिलिंडर फिरतोय, त्याच्याजवळचं पाणी वेगात, बाहेरचं थांबलेलं. वेगवान पाण्याला बाहेर पळायचं असतं. तेल घट्ट असल्याने त्याला दाबून ठेवतं, पाणी नाही. एका वेगापलीकडे फटीत एकावर एक रचलेल्या वळ्या तयार होतात आणि टॉर्क एकदम जास्त वाढायला लागतो. टेलर यांनी १९२३ मध्ये हे गणिताने आणि प्रयोगाने दाखवलं, म्हणून टेलर व्हॉर्टेक्स. प्राचीच्या मापांना पाण्यात ही मर्यादा ५५ आरपीएमच्या आसपास बसते, ती १२० ला फिरवतेय. तेलाला मात्र ती मर्यादा इतकी लांब आहे की तिची मोटार तिथे पोचणारच नाही. पाण्याने कॅलिब्रेट केलं तर पाण्याची व्हिस्कॉसिटी चुकीची दिसेल आणि पोरं तेलाला दोष देतील.

---

नियम_तोडे

मग बाहेरचा सिलिंडर फिरवायचा आणि आतला धरायचा, प्रश्नच मिटला.

---

अण्णा_ठाणे

मिटतो, खरंच. कूएत यांच्या १८९० च्या उपकरणात बाहेरचाच फिरत होता आणि आतला तारेवर टांगलेला. पण तेलाने भरलेला कप फिरवायचा म्हणजे खाली सील, बेअरिंग, गळती. मिनी प्रोजेक्टला नको.

---

गाडीवान

माझ्या बाईकचं कोणी सांगेल का?

---

तेलतूप

गाडीवान, मॅन्युअलमधलं टाका. आणि अवांतर वाटेल पण तुमचा प्रश्न याच धाग्यात बसतो. इंजिन तेलाची गरम असतानाची खरी परीक्षा अशाच फिरत्या रोटरच्या उपकरणात होते, फक्त फट काही मायक्रॉनची, १५० डिग्री आणि शिअर रेट दहा लाख. २०डब्ल्यू-४० ला तिथे निदान ३.७ सेंटिपॉइज लागतात, १०डब्ल्यू-३० ला २.९ पुरतात. घोडबंदरला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापलेलं इंजिन असेल तर मी पातळ तेलाच्या वाटेला जाणार नाही. अ‍ॅव्हरेज वाढेलही थोडं.

---

गाडीवान

मेकॅनिकला ३.७ सांगितलं तर तो बिल वाढवेल. पण धन्यवाद.

---

प्राची_ऐरोली

केलं! काल अख्खी दुपार लॅबमध्ये. एसी २६ ला आणि खिडकी बंद ठेवली, तेल दर वेळी ३० वर यायची वाट बघितली.

१०० मिमीला १३० ग्रॅम, ७५ ला १०५, ५० ला ७७. ग्राफ जवळजवळ सरळ आहे आणि उंची शून्याला २४ ग्रॅमवर कापतो. चढ येतो मिलिमीटरला १.०६ ग्रॅम. त्यावरून, मधला R घेऊन, μ १०२ सेंटिपॉइज. तळाच्या सूत्राने २५.७ ग्रॅम यायला हवे होते, आले २४. सरांना ग्राफ दाखवला, ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले "तळाखाली फट किती ठेवलीय?" मी म्हटलं, हाच प्रश्न ठाण्याच्या काकांनीही विचारला होता.

रनआउट पण बघितला, ०.१ च्या आत आहे. लोड सेलचे आकडे सेकंदाला दहा येतात, त्यात फेरीबरोबर वर-खाली असं काही दिसत नाही.

---

रबाळे_लेथ

छान. पण गॅप १ मिमीच आहे हे कशावरून? व्हर्नियरने दोन व्यास मोजून वजाबाकी केलीस तर व्हर्नियरची चूक दोन्हीकडून गॅपमध्ये येते. १०० मध्ये दोन शतांश काहीच नाही, १ मध्ये दोन शतांश म्हणजे दोन टक्के, आणि उत्तरही तेवढंच हलतं.

---

अण्णा_ठाणे

बरोबर. त्याला एक युक्ती आहे. फट तेलानेच मोज. पातळी ५० वरून १०० ला न्यायला सिरिंजने किती मिली घालावं लागतं ते लिही. फट नेमकी १ मिमी असेल तर १५.९ मिली लागतील. कमी-जास्त लागलं की फट त्याच प्रमाणात कमी-जास्त.

---

प्राची_ऐरोली

आत्ताच केलं, १६.२ मिली. म्हणजे फट १.०२. मग μ १०४ होतो. आता १०२ लिहू की १०४?

---

नियम_तोडे

१०४. मोजमाप ते मोजमाप.

---

रबाळे_लेथ

मी नाही मानत. सिरिंजमध्ये आणि वरच्या भिंतीला चिकटलेलं तेल कोणी मोजलं? ०.३ मिली म्हणजे काहीच नाही, सिरिंजच्या नळीतच राहतं तेवढं. आधीच ओल्या असलेल्या कपात परत घालून बघ, किंवा सिरिंज आधी आणि नंतर वजन कर.

---

अण्णा_ठाणे

वजनाचं पटतं. पण नायलॉन फुगतं-आकसतं म्हणताय ते धरलं तर फट दोन टक्के वेगळी असणंही अगदी शक्य आहे. माझ्या मते रिपोर्टमध्ये १०३, वर-खाली ४, असं लिही आणि ४ कुठून आले ते सांग: फट, थर्मामीटर, लोड सेल. थर्मामीटरची एक डिग्री एकटीच ६ टक्के नेते, तेव्हा ४ सुद्धा तो चांगला असेल तरच. बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते आधी बघ.

आणि पुढचं मॉडेल करशील तर तळाची फट २ मिमी कर. तळाचा वाटा चौथ्या हिश्श्यावर येतो, २५ ग्रॅमचे सहा-साडेसहा. तेल थोडं जास्त लागेल, लागू दे. काही कंपन्या तळ पोकळ ठेवतात, त्यात हवा अडकते आणि हवेला ओढच नाही, पण तुमच्या मोटारीच्या हादऱ्याने ती हवा कधी बुडबुडा होऊन बाजूच्या फटीत शिरेल सांगता येत नाही, तेव्हा नको.

---

प्राची_ऐरोली

२ मिमीसाठी कपाखाली काही घालून चालणार नाही ना, सिलिंडरच वर उचलावा लागेल. @रबाळे_लेथ दादा, मोटारीच्या ब्रॅकेटखाली दीड मिमीचा स्पेसर करून द्याल का? अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर किती पडेल तेही सांगा, चौघांत वाटून घेऊ.

---

रबाळे_लेथ

स्पेसर लगेच, त्याचे पैसे नको. सिलिंडरला १०० चा रॉड महाग जातो ताई, दोन किलोच्या वर माल आहे. १०५ चा स्क्रॅपचा तुकडा पडलाय, त्यात निघतो का बघतो. गुरुवारपर्यंत ये, शुक्रवारी आमच्याकडे सुट्टी. येताना कप घेऊन ये, व्यास कपावरून धरू, ड्रॉइंगवरून नाही.

---

उगाच_एक

आणि वडापाव. तेलतूप पत्ता विचारतोय.